‘कसा आहेस?’ला गप्पांमध्ये काय उत्तर द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रोजच्या गप्पांचे आहेत. मित्र, मैत्रिणी, नातेवाईक, जुने शेजारी, ऑफिसातली ओळखीची माणसं यांच्याकडून ‘कसा आहेस?’, ‘काय म्हणतेस?’, ‘काय चाललंय?’ असा मेसेज येतो आणि काय लिहावं ते सुचत नाही. ‘ठीक’ लिहिलं तर समोरच्याला तुटक वाटतं. मनातलं सगळं लिहिलं तर पाठवल्यावर चुटपुट लागते.

विचारणाऱ्याला खरंच उत्तर हवं असतं का?

थोडंसं हवं असतं. ते किती, हे ओळखलं की बाकीचं सोपं जातं.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. हवापाणी, खुशाली, ‘कुठे निघालात?’ असले प्रश्न माहिती मिळवण्यासाठी नसतात, माणसांमधला धागा टिकवण्यासाठी असतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. आपल्या जुन्या पत्रांत हेच काम ‘येथील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे’ ही ओळ करायची. घरात कुणाला ताप असला तरी पत्राची सुरुवात क्षेमानेच व्हायची आणि तापाची बातमी पुढे, ‘पत्रास कारण की’नंतर यायची. म्हणजे खुशालीची जागा वेगळी आणि बातमीची जागा वेगळी. चॅटमध्ये या दोन्ही एका ओळीत येऊन आदळतात, म्हणून गोंधळ होतो.

फोनवरच्या संभाषणांची सुरुवात कशी होते याचा बारकाईने अभ्यास करणारे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी खुशालीच्या उत्तरांचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘बरा आहे’ हे मधलं उत्तर. ते दिलं की विषय तिथेच मिटतो आणि बोलणं पुढे सरकतं. ‘एकदम भारी!’ हे वरच्या बाजूचं, ‘अजिबात बरं नाही’ हे खालच्या बाजूचं. या दोन्हींनंतर समोरच्याला ‘का गं, काय झालं?’ असं विचारावंच लागतं.

चॅटसाठी यातून एक कामाची गोष्ट मिळते. तुम्ही कोणता शब्द निवडता त्यावर पुढचा प्रश्न येणार की नाही हे ठरतं. ‘काय झालं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी नसेल, तर खालच्या बाजूचा शब्द लिहू नका. आणि आनंदाची बातमी सांगायचीच असेल, तर ‘बरं आहे’ म्हणून ती दाबून ठेवू नका. ‘आज फार खूश आहे’ एवढं लिहिलं की समोरचा आपणहून विचारतो.

मग सहज वाटेल असं उत्तर कसं लिहायचं?

आधी आपली स्थिती एका शब्दात. मग हल्लीच्या दिवसांतला एक छोटा तपशील. मग समोरच्याकडे वळणारा प्रश्न. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

‘मजेत रे. कालपासून घरात रंगकाम सुरू आहे, सगळं सामान गॅलरीत. तू कसा आहेस?’

‘बरी आहे गं. लेकीची परीक्षा संपली एकदाची. तुझ्याकडे काय चाललंय?’

‘निवांत. आज पहिल्यांदा जरा पाऊस थांबलाय. तुमच्याकडे आहे का अजून?’

या उत्तरांत जीव येतो तो मधल्या तपशिलामुळे. ‘मजेत, तू?’ यातही चूक काही नाही, पण त्यावर समोरचा ‘मी पण मजेत’ म्हणतो आणि गाडी थांबते. मग ‘बाकी काय?’, ‘बाकी काही नाही, तू बोल’ असं सुरू होतं. दोघांनाही बोलायचं असतं, पण धरायला काही सापडत नाही. रंगकाम, परीक्षा, पाऊस यांतलं काहीही दिलं की समोरच्याला बोलायला जागा मिळते.

तपशील निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो ताजा असावा, म्हणजे आजचा किंवा या आठवड्यातला. ‘गेली दोन वर्षं करिअरबद्दल विचार चाललाय’ हा तपशील नव्हे, तो विषय झाला. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, त्यावर समोरच्याला सहज काहीतरी बोलता यावं. ‘घरमालकाशी वाद चाललाय’ यावर दूरच्या ओळखीच्या माणसाने काय लिहावं? ‘अरेरे’ म्हणून तो थांबतो. ‘रविवारी पिठलं-भाकरीचा बेत केला, भाकऱ्या चक्क फुगल्या’ यावर कुणीही दोन वाक्यं बोलू शकतं.

तपशील फार मोठा किंवा मजेदार असण्याची गरज नाही. रोजच्याच दिवसातलं काहीही चालतं: उशिरा आलेली बस, नव्याने आणलेलं तुळशीचं रोप, दुपारी लागलेली डुलकी. ज्यांना ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही’ असं वाटतं ते सहसा सांगण्यालायक घटना शोधत असतात. मेसेज आला त्या क्षणी तुम्ही काय करत होतात तेच लिहा. ‘बरा आहे, आत्ताच चहा टाकला’ हे पुरेसं आहे.

नुसतं ‘ठीक’ लिहिलं तर कोरडं का वाटतं? समोर बसून म्हटलं असतं तर वाटलं नसतं.

कारण समोर असताना ‘ठीक’ हा शब्द एकटा नसतो. आवाज असतो, चेहरा असतो, मानेची हालचाल असते. पडद्यावर यातलं काहीच पोहोचत नाही आणि रिकामी जागा वाचणारा स्वतःच्या अंदाजाने भरतो. तो थकलेला किंवा आधीच साशंक असेल, तर अंदाज वाईटच निघतो.

बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले होते. काही संवाद मोबाइलवरच्या मेसेजसारखे दाखवले, काही हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांसारखे. मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर ते उत्तर कमी मनापासून दिलेलं वाटलं. चिठ्ठीत मात्र पूर्णविरामाने फरक पडला नाही. हा प्रयोग इंग्रजी मेसेजवर झाला, पण ‘ठीक’ आणि ‘ठीक.’ यांतला फरक मराठी चॅट करणाऱ्यांनाही जाणवतो. एका शब्दाचं उत्तर द्यायचंच असेल, तर पुढचा टिंब टाळा.

मराठीत यावर आणखी चांगला उपाय हाताशी आहे, आणि तो आपण बोलताना रोज वापरतो: रे, गं, अगं, अरे, ना. ‘ठीक’ ऐवजी ‘ठीक रे’, ‘बरी आहे’ ऐवजी ‘बरी आहे गं’, ‘चाललंय’ ऐवजी ‘चाललंय बघ’. एका अक्षराने उत्तर हवेत न सोडता त्या माणसाकडे वळतं. वडीलधाऱ्यांना रे-गं चालत नाही, तिथे नातं लिहायचं: ‘बरा आहे काका’, ‘मजेत आहे मावशी’. नाव किंवा नातं लिहिलेलं उत्तर दोन शब्दांचं असलं तरी तुटक वाटत नाही. माझ्या मते लांबी वाढवण्यापेक्षा हा बदल आधी करून बघावा.

नुसता अंगठा मात्र ‘कशी आहेस?’ला उत्तर म्हणून पाठवू नये. निरोप पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ होतो. विचारलेल्या प्रश्नाला तो लागूच पडत नाही.

दिवस खरंच वाईट चाललेत. मग ‘मजेत’ म्हणणं खोटं नाही का?

ही अडचण खरी आहे आणि प्रामाणिक माणसांनाच ती जास्त जाणवते. हार्वी सॅक्स या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. खालच्या बाजूचं उत्तर दिलं की समोरच्याला विचारपूस करणं भाग पडतं. पण प्रत्येक दुःख प्रत्येकाला सांगण्याजोगं नसतं. त्यामुळे काही वेळा ‘बरं आहे’ म्हणावंच लागतं. म्हणून अशा वेळच्या ‘बरं आहे’ला मी खोटेपणा समजत नाही. हा विषय आत्ता, तुझ्याबरोबर, इथे नको, एवढंच तुम्ही त्यातून म्हणत असता.

तरीही ‘एकदम मस्त!’ लिहिताना बोटं अडखळत असतील, तर ते लिहू नका. मधे खूप शब्द आहेत. ‘चाललंय’, ‘ठीकठाक’, ‘आहे आपलं’, ‘दमलेय जरा, पण बरी आहे’. यांतून खरं तेवढं पोहोचतं आणि दार सताड उघडंही राहत नाही. शेवटचा नमुना मला विशेष उपयोगी वाटतो, कारण त्यात थकवा कबूल केला आहे आणि वाक्य ‘बरी आहे’वर संपवलं आहे. समोरचा विचारू शकतो, पण विचारलंच पाहिजे असं दडपण त्याच्यावर येत नाही. क्रम उलटा केला, ‘बरी आहे, पण दमलेय फार’, तर वाचणारा शेवटचा शब्द धरतो आणि ‘का गं?’ येतं. हवं असेल तेव्हा तो क्रम वापरा.

जवळच्या माणसाशी खरोखर बोलायचं असेल, तर चॅटच्या पहिल्याच उत्तरात सगळं ओतू नका. आधी विचारा: ‘खरं सांगू का, फार बरं नाही चाललं. रात्री दहा मिनिटं फोन करू?’ यात तुम्ही काही लपवलेलं नाही. समोरचा त्या क्षणी लोकलमध्ये उभा असेल किंवा मुलाला भरवत असेल, तर त्याला तयारीला वेळ मिळतो. तुम्हालाही चार ओळींत न मावणारं दुःख टाइप करत बसावं लागत नाही. दिवस केवळ वाईट नसून जगणंच नको वाटत असेल, तर मात्र शब्दांची ही निवड बाजूला ठेवा आणि जवळच्या माणसाला थेट फोन करा. टेली-मानस ही सरकारी मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते.

घरात मृत्यू झाला आहे आणि समोरच्याला माहीत नाही. तो सहज ‘काय म्हणतोस, कसा आहेस?’ विचारतो. काय लिहू?

इथे ‘मजेत’ लिहिलं तर पुढे कधीतरी त्याला कळतं आणि दोघांनाही अवघडतं. त्यामुळे सांगावं, पण एका वाक्यात आणि त्याला अपराधी न वाटेल असं.

‘अरे, तुला कळवायचं राहिलं. मागच्या महिन्यात बाबा गेले. आम्ही सावरतोय हळूहळू. तुझा मेसेज बघून बरं वाटलं.’

‘कळवायचं राहिलं’ या शब्दांनी ‘मला माहीतच नव्हतं रे’ ही त्याची ओशाळ कमी होते. ‘सावरतोय’मुळे पुढे काय विचारावं याचं दडपण जातं. शेवटच्या वाक्यामुळे त्याने चुकीच्या वेळी विचारलं असं त्याला वाटत नाही. आजारपण, दवाखान्यातले दिवस, कोण कोण आलं होतं, हे सगळं त्याने विचारलं तर आणि तुम्हाला सांगावंसं वाटलं तर पुढे. त्याच्याकडून ‘भेटायला येतो’ आलं आणि नको असेल, तर ‘पुढच्या आठवड्यात मी फोन करतो’ म्हणावं.

खूप वर्षांनी कुणी विचारलं तर? एवढ्या दिवसांतलं काय काय सांगायचं?

एक प्रसंग धरून बघू. रविवारी संध्याकाळी कॉलेजमधल्या मैत्रिणीचा मेसेज येतो: ‘काय गं, कशी आहेस? किती दिवस झाले!’ शेवटचं बोलणं तीन वर्षांपूर्वीचं. ती पुण्यात कोथरूडला राहते.

तुमच्या आयुष्यात या काळात बरंच घडलं आहे. नोकरी बदलली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा पहिलीत गेला. भाडेकरार संपत आल्याने दोन महिन्यांपासून घर शोधताय. आणि कुठल्या भागात घर घ्यायचं यावरून नवऱ्याशी रोज खटके उडतायत.

पहिला मोह सगळं सांगायचा होतो. तीन वर्षांचा हिशेब द्यायचा म्हणून वीस ओळींचा मेसेज तयार होतो. वाचणारी खूश होते, पण प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायला हवं या विचाराने ‘निवांत लिहिते’ म्हणते आणि ते निवांत कधी येत नाही. दुसरा मोह उलटा: ‘मी मस्त, तू?’ तिला वाटतं, हिला फारसं बोलायचं नाही.

आता पाचही गोष्टी एकेक करून बघा. खटके पहिल्या मेसेजात नकोत. तो विषय तुमच्या एकटीचा नाही आणि तीन वर्षांनी बोलणाऱ्या मैत्रिणीला त्यात बाजू घ्यायला लावणं बरं नव्हे. नोकरीची बातमी चांगली आहे, पण ‘कुठे? काय काम? पगार?’ असे प्रश्न येतात आणि बोलणं चौकशीसारखं होतं. आईचं ऑपरेशन सांगण्याजोगं आहे, मैत्रीण तुमच्या घरी येत असे म्हणून, पण पहिल्याच वाक्यात आलं तर ती काळजीत पडते. मुलगा पहिलीत गेला ही गोड गोष्ट आहे. घर शोधणं सगळ्यात उत्तम, कारण ती कोथरूडला राहते आणि तिच्याकडे त्यावर सांगण्यासारखं नक्की काही असणार.

म्हणून: ‘अगं, किती छान वाटलं! मी मजेत. लेक पहिलीत गेला बघ. सध्या घर शोधत हिंडतेय, तुझ्या कोथरूडलाच दोन बघून आले. तू कशी आहेस? अजून तिथेच आहेस ना?’

यावर ती बहुतेक विचारेल, ‘अय्या, कुठल्या भागात बघितलंस?’ गल्ली, भाडं, पाण्याची वेळ असं बोलणं सुरू होईल. मधेच ती विचारेल, ‘काकू कशा आहेत?’ तेव्हा मोतीबिंदू सांगायचा: ‘बरी आहे. मार्चमध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता पेपर वाचते चष्म्याशिवाय.’ नोकरी कदाचित तीच काढेल. खटक्यांचा विषय निघायचा असेल तर प्रत्यक्ष भेटीत निघेल. तीन वर्षांच्या गोष्टी तीन आठवड्यांत, दोघींच्या सोयीने सांगून होतात.

जास्त बोललो हे कसं ओळखायचं?

समोरच्याच्या उत्तरावरून. तुमच्या दहा ओळींवर ‘ओह’, ‘हम्म’, ‘काळजी घे’ अशी एक-दोन शब्दांची उत्तरं येत असतील, तर त्याच्या तयारीपेक्षा जास्त झालं. ‘काळजी घे’ हे शब्द प्रेमाचेच असतात, पण चॅटमध्ये ते बहुधा विषय मिटवण्यासाठी येतात. उलट, समोरच्याने प्रश्न विचारला तर तो अजून ऐकतोय. प्रश्न येत असतील तोवर सांगायला हरकत नाही.

पाठवण्याआधी स्वतःशी एक पडताळणी करता येते. हा मेसेज समोरच्याच्या घरात कुणी मोठ्याने वाचून दाखवला तर चालेल का? फोन टेबलावर पडलेला असतो, मुलं बघतात, मेसेज दुसऱ्याला पुढे जातात. तब्येतीचे तपशील, पैशाचे आकडे, घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दलची तक्रार यांपैकी काही असेल, तर ते चॅटच्या पहिल्या उत्तरात नको. आपल्या स्वतःच्या दुःखापेक्षा दुसऱ्याच्या खासगी गोष्टी इथून जास्त सांडतात. सासूबाईंचं आजारपण, भावाचं मोडलेलं लग्न या गोष्टी त्यांनी सांगायच्या आहेत.

पाठवून झालंच असेल, तर ‘सॉरी, खूपच बोलले’ असे तीन मेसेज मागोमाग टाकू नका. त्यामुळे समोरच्याला तुमचंच सांत्वन करत बसावं लागतं. एक ओळ पुरे: ‘ऐकून घेतलंस, बरं वाटलं. आता तुझं सांग, नव्या ऑफिसला कसं वाटतंय?’

मोठ्यांना कसं उत्तर द्यायचं?

त्यांच्याकडे हा प्रश्न अजून जुन्या पत्रासारखा असतो. ‘सगळं ठीक ना?’ यावर घरातल्या सगळ्यांचं येणं अपेक्षित असतं, म्हणून ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ लिहा. ‘आम्ही सगळे मजेत आहोत काकू. मुलांच्या सुट्ट्या सुरू झाल्या. तुम्ही कशा आहात? गुडघेदुखी कमी आहे का आता?’

शेवटचा प्रश्न नुसता ‘तुम्ही कशा आहात?’ इतकाच ठेवू नका, मागच्या वेळी त्यांनी सांगितलेलं काहीतरी धरून विचारा. गुडघा, गावाकडचं काम, नातवाची शाळा. आपण सांगितलेलं याच्या लक्षात आहे, हे त्यांना कळतं आणि तुमचं उत्तर कितीही छोटं असलं तरी कोरडं वाटत नाही. आईचा रोजचा ‘जेवलास का?’ हादेखील खुशालीचाच प्रश्न आहे. ‘हो’ऐवजी ‘हो, आज वरण-भात’ लिहिलं की तिला हवं ते मिळतं.

साहेबांनी किंवा ऑफिसातल्या वरिष्ठांनी विचारलं तर ‘मी बरा आहे सर, तुम्ही कसे आहात?’ एवढ्यावर थांबावं. बहुतेक वेळा पुढच्या मेसेजात काम असतं.

समोरच्याला काहीतरी काम आहे हे दिसतंय. तरी पूर्ण उत्तर द्यायचं?

नाही. ‘मजेत रे, बोल ना’ पुरे. ‘बोल ना’मुळे त्याला आडवळणाने यावं लागत नाही, आणि पैसे, ओळख किंवा कागदपत्रांची मदत मागताना तो आधीच अवघडलेला असतो. ‘काय काम काढलंस?’ असं लिहू नका. चेष्टेत लिहिलं तरी ते बोचतं.

ग्रुपवर कुणी ‘कसे आहात सगळे?’ विचारलं तर?

एक ओळ. सविस्तर सांगायचं असेल तर विचारणाऱ्याला वेगळा मेसेज करा. ग्रुपवर कुणी आधीच दुःखाची बातमी टाकली असेल, तर त्याखाली आपली मजा लिहायची नाही, हे मात्र पाहून घ्यावं.

मेसेज बघितला, पण उत्तर द्यायला चार दिवस लागले. आता?

लांब कारणं देऊ नका. ‘उशीर झाला गं, आठवडा धावपळीचा होता. मी बरी आहे. तू कशी आहेस, ताप उतरला का?’ उशिराचं एक वाक्य, मग नेहमीचं उत्तर. तिने तिच्या मेसेजात काही सांगितलं असेल, तर त्याचा उल्लेख आवर्जून करा, कारण चार दिवस गप्प राहण्यात तिला तेच जास्त लागलेलं असतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना वेगळं काही पाळावं लागतं का?

अमेरिकेत दुकानातला किंवा लिफ्टमधला माणूस ‘हाऊ आर यू?’ म्हणतो ते जवळजवळ ‘नमस्कार’सारखं असतं, आणि ‘गुड, यू?’वर ते संपतं. तिथे तपशील दिला तर समोरचा गोंधळतो. तिथली सवय लागली की घरच्या ग्रुपवरही ‘गुड, यू?’च्या लांबीचीच उत्तरं जायला लागतात, आणि इथल्या आत्याला ते जाणवतं. इकडच्या माणसांसाठी तो मधला तपशील परत घालावा: बर्फ पडला का, गणपती बसवला का, मोदकांना तांदळाची पिठी कुठे मिळाली.

आणि मी विचारल्यावर समोरचाच ‘चाललंय’ म्हणाला तर?

संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी १९८० मध्ये अशाच पडेल उत्तरांचा अभ्यास केला. ‘बरं आहे’च्या किंचित खालचा सूर लावून माणूस अडचणीची चाहूल देतो आणि सांगायचं की नाही हे पुढच्या बोलण्यावर ठरवतो, असं त्यांना दिसलं. मराठीत काही जण सवयीनेच ‘चाललंय’ म्हणतात, त्यामुळे शब्दापेक्षा बदल पाहा. नेहमी ‘एकदम झकास!’ लिहिणारा मित्र आज ‘चाललंय’ लिहितो, रोज उलट विचारणारी मैत्रीण आज विचारत नाही, तेव्हा थांबावं.

अशा वेळी ‘काय झालं? सांग ना’ असा सरळ हल्ला बहुतेकांना नको असतो. ‘चाललंय म्हणजे? नेहमीसारखा नाही वाटलास’ एवढं विचारा. त्याने ‘काही नाही रे, दमलोय’ म्हटलं, तर ते मान्य करा आणि विषय बदलून थोडं साधं बोला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मेसेज करा, पण ‘आता बरा आहेस का?’ नको. त्याने तेव्हा दमल्याचंच सांगितलं होतं, म्हणून त्याच धाग्याने: ‘झाली का रे विश्रांती? शनिवारी चहाला येतोस का?’ त्याला सांगायचं असेल तर तो शनिवारी सांगेल. नसेल, तर चहा होईल.